नकाशा डॅशबोर्ड : प्रशासकीय सीमा व नावे यांतील बदल

नकाशा डॅशबोर्ड : जिल्हा, तालुका, महसूल मंडळ किंवा गाव यांसारख्या प्रशासकीय क्षेत्रांची आकडेवारी संगणकाच्या पडद्यावर नकाशाच्या रूपाने दाखविणारा आणि मूळ माहिती बदलली की आपोआप बदलणारा माहितीफलक. पावसाची नोंद, टँकरची मागणी, पेरणीचे क्षेत्र, लसीकरण, शाळांची पटसंख्या इ. विषयांसाठी असे फलक वापरले जातात. आकडा जितका मोठा तितकी त्या क्षेत्राची छटा गडद, ही त्यांची रूढ पद्धत होय. फलकावरील आकडे रोज बदलत असले, तरी ज्या क्षेत्रांवर ते बसवायचे ती क्षेत्रे स्थिर आहेत असे त्याच्या रचनेत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात जिल्ह्यांची नावे बदलतात, एका जिल्ह्याचे दोन होतात, गावे एका मंडळातून दुसऱ्यात जातात. अशा बदलानंतर फलक योग्य रीतीने नवा केला नाही, तर तो बंद पडत नाही. तो चालूच राहतो आणि चुकीचे चित्र दाखवितो.

रचना : असा फलक मुख्यतः दोन स्वतंत्र तक्त्यांवर उभा असतो. पहिल्या तक्त्यात प्रत्येक क्षेत्राची सीमारेषा अक्षांश-रेखांशांच्या मालिकेने नोंदलेली असते. तीस बहुभुजाकृती म्हणतात. दुसऱ्या तक्त्यात त्या क्षेत्राची आकडेवारी असते. दोहोंमध्ये समान असलेल्या एका स्तंभावरून त्यांची जोडणी केली जाते. हा स्तंभ बहुधा क्षेत्राच्या नावाचा किंवा संकेतांकाचा असतो. एका तक्त्यात ‘सांगोला’ व दुसऱ्यातही ‘सांगोला’ असे असेल, तर त्या आकड्याची छटा त्या आकृतीत भरली जाते. दोन्ही ठिकाणच्या शब्दांत एका अक्षराचाही फरक असेल, तर जोडणी होत नाही आणि ती आकृती नकाशावर कोरी राहते.

हे दोन्ही तक्ते बहुधा वेगवेगळ्या यंत्रणांकडून, वेगवेगळ्या वेळी आलेले असतात. सीमारेषा अनेकदा जनगणनेच्या वर्षातील असतात, तर आकडेवारी चालू आठवड्याची असते. मधल्या काळात झालेला प्रत्येक प्रशासकीय बदल या दोहोंपैकी एकातच उतरलेला असतो. नकाशा डॅशबोर्डमधील बहुतेक दोष या कालांतरातून उद्‌भवतात.

कोऱ्या आकृतीचा अर्थ ‘माहिती जुळली नाही’ असा असतो. परंतु पाहणारा तो ‘येथे काही नाही’ असा लावतो. सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका आहे. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरच्या नकाशावर हा तालुका कोरा दिसला, तर तेथे मागणी नाही असा समज होतो. कोऱ्या जागी शून्य भरण्याची सोय काही फलकांत असते. ती वापरल्यास हा समज पक्का होतो, कारण मग चुकीची कोणतीही खूण पडद्यावर उरत नाही. म्हणून न जुळलेले क्षेत्र नेहमी वेगळ्या, उदा., तिरप्या रेषांच्या खुणेने दाखवावे आणि शून्य ही छटा केवळ खऱ्या शून्यासाठी राखून ठेवावी.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण : सोलापूर जिल्ह्यात उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, बार्शी, करमाळा, माढा, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा व अक्कलकोट असे अकरा तालुके आहेत. जिल्ह्याला सात जिल्हे भिडतात : महाराष्ट्रातील पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर व धाराशिव आणि कर्नाटकातील विजयपुर व कलबुर्गी. हे अकरा तालुके आणि शेजारचे सात जिल्हे अशी अठरा क्षेत्रे दाखविणारा फलक तयार करावयाचा आहे, त्यासाठी सीमारेषा २०११ च्या जनगणनेच्या घेतल्या आहेत आणि आकडेवारी आजच्या प्रचलित इंग्रजी नावांनी येत आहे, असे समजू.

शेजारच्या सातपैकी चार जिल्ह्यांची नावे २०११ नंतर बदलली. कर्नाटकात १ नोव्हेंबर २०१४ पासून विजापूरचे विजयपुर व गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. महाराष्ट्रात उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हे नामांतर २०२४ मध्ये झाले. त्यामुळे सातपैकी पुणे, सातारा व सांगली एवढीच तीन नावे जुळतात.

तालुक्यांच्या बाबतीत नामांतर झालेले नाही. तरीही चार नावे जुळत नाहीत. जनगणनेच्या तक्त्यात `Sangole`, `Mangalvedhe`, `Solapur North` व `Solapur South` असे लिहिलेले असते, तर रोजच्या व्यवहारातील तक्त्यांत `Sangola`, `Mangalwedha`, `North Solapur` व `South Solapur` असे आढळते. सांगोले व सांगोला ही दोन्ही रूपे मराठीत चालत आली असून वाचकाला ती एकच गोष्ट सांगतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न गावे होत. अशा रीतीने अठरांपैकी दहाच क्षेत्रे जुळतात. आठ आकृत्या कोऱ्या राहतात आणि आकडेवारीच्या आठ ओळींना जागा मिळत नाही.

हे केवळ नकाशाकडे पाहून लक्षात येईलच असे नाही. फलक नवा करताना तीन आकडे मोजावेत : आकृत्या किती, आकडेवारीच्या ओळी किती आणि जुळलेल्या जोड्या किती. वरील उदाहरणात हे आकडे अनुक्रमे १८, १८ व १० येतात. पहिले दोन समान आहेत म्हणून सर्व ठीक आहे असे मानणे ही नेहमीची चूक होय. जागा न मिळालेल्या ओळी पुढील विचारणेने मिळतात :

```sql
SELECT d.name
FROM data d
LEFT JOIN shapes s ON s.name = d.name
WHERE s.name IS NULL;
```

हीच विचारणा दोन्ही तक्त्यांची अदलाबदल करून पुन्हा चालवावी, म्हणजे कोऱ्या राहिलेल्या आकृत्यांची यादी मिळते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोणते जुने नाव कोणत्या नव्या नावाकडे जाते हे माणसाला ठरविता येते. अक्षरांच्या साम्यावरून संगणकाला हे काम सोपविणे धोक्याचे असते. ‘सांगोले’ व ‘सांगोला’ यांची जोडी तो बरोबर लावील. परंतु उस्मानाबाद व धाराशिव यांत अक्षरांचे साम्य नाही, तर `North Solapur` या नावाचे `Solapur South` याच्याशीही साम्य आहे.

देवनागरीत लिहिलेल्या नावांत आणखी एक अडचण येते. सातारा जिल्ह्यातील ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र संगणकात किमान दोन प्रकारे साठविता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ व हलन्त यांनी, किंवा साध्या र ला हलन्त व न दिसणारे एक जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साठविलेली चिन्हे भिन्न असल्याने जोडणी होत नाही. युनिकोड रूपांचे प्रमाणीकरण केले, तरी हा विशिष्ट भेद नाहीसा होत नाही. नावाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागाही असाच अडथळा करते. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे जुळत नसल्यास त्यांच्या लांबीची, म्हणजे चिन्हसंख्येची, तुलना करून पाहावी.

संकेतांक : वरील कारणांमुळे जोडणी नावावरून न करता संकेतांकावरून करावी असा संकेत आहे. भारतात यासाठी मुख्यतः दोन मालिका वापरल्या जातात. एक जनगणनेची. २०११ मध्ये महाराष्ट्रातील जिल्ह्यांना ४९७ (नंदुरबार) पासून ५३१ (सांगली) पर्यंत क्रमांक देण्यात आले. दुसरी मालिका केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेची. तीत महाराष्ट्रातील तत्कालीन पस्तीस जिल्ह्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने ४६६ ते ५०० हे क्रमांक मिळाले. सोलापूरचा क्रमांक पहिल्या मालिकेत ५२६, तर दुसऱ्या मालिकेत ४९६ आहे.

या दोन मालिका ४९७ ते ५०० या अंकांत एकमेकींवर चढतात. जनगणनेत ४९७ म्हणजे नंदुरबार, तर निर्देशिकेत ४९७ म्हणजे ठाणे. जनगणनेच्या सीमारेषांना निर्देशिकेच्या क्रमांकांनी आलेली आकडेवारी चुकून जोडली, तर बहुतेक जिल्हे कोरे राहतात. नंदुरबार, धुळे, जळगाव व बुलढाणा हे चार मात्र रंगतात, आणि त्यांत अनुक्रमे ठाणे, वर्धा, वाशीम व यवतमाळ यांचे आकडे असतात. नाव न जुळल्यास आकृती कोरी राहते. संकेतांक चुकीच्या मालिकेतील असल्यास ती दुसऱ्याच जिल्ह्याच्या आकड्याने भरते. पहिला दोष दिसतो, दुसरा दिसत नाही. म्हणून जोडणी संकेतांकावरून करावी आणि पडताळणीसाठी नावाचा स्तंभही सोबत ठेवावा. त्याचप्रमाणे स्तंभाला नुसते `code` असे नाव न देता मालिका व वर्ष दर्शविणारे `census2011_code` यासारखे नाव द्यावे. क्रमांक साठविताना ते अंक म्हणून न ठेवता अक्षरमाला म्हणून ठेवणे इष्ट असते. अन्यथा तालुका व गाव यांच्या क्रमांकांतील आरंभीची शून्ये गळतात व जोडणी तुटते.

नामांतर व क्षेत्रांतर : फलक नवा करताना प्रथम ठरवावयाची गोष्ट ही, की झालेला बदल नावाचा आहे की क्षेत्राचा. नामांतरात जमीन, गावे व लोकसंख्या तीच राहते आणि जुनी व नवी आकडेवारी एकाच रेषेत मांडता येते. क्षेत्रांतरात नाव तेच राहूनही त्याखालील भूभाग बदलतो आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना सरळ करता येत नाही. सोलापूरच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यात हे दोन्ही बदल झालेले आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला. नाव उस्मानाबादच राहिले, पण क्षेत्र लहान झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण क्षेत्र तेच राहिले. १९८१ च्या जनगणनेतील ‘उस्मानाबाद’ या ओळीचे नाव बदलून तेथे ‘धाराशिव’ लिहिले, तर लातूरची लोकसंख्या धाराशिवच्या खात्यात जाते. २०११ च्या जनगणनेतील त्याच नावाच्या ओळीत मात्र असाच बदल करणे बिनचूक ठरते.

सांगोल्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस असलेल्या सांगली जिल्ह्याची कथाही अशीच आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेतील दक्षिण सातारा म्हणजे नाव बदललेला सांगली जिल्हा. १९४१ च्या जनगणनेत मात्र त्याच्याशी जुळणारी स्वतंत्र ओळच नाही.

यावरून असे दिसते की जुन्या नावापुढे नवे नाव लिहिलेली साधी यादी पुरेशी नसते. क्षेत्राला नावापासून स्वतंत्र अशी ओळख द्यावी लागते आणि नाव कोणत्या काळात लागू होते हे नोंदवावे लागते. केवळ वरील दोन घटनांपुरता असा तक्ता पुढीलप्रमाणे होईल :

```
area_id,name,valid_from,valid_to
D07-1,उस्मानाबाद,,1982-08
D07-2,उस्मानाबाद,1982-08,2023-09
D07-2,धाराशिव,2023-09,
D08-1,लातूर,1982-08,
```

पहिल्या दोन ओळींत नाव एकच आहे, पण क्षेत्राची ओळख वेगळी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत नावे दोन आहेत, पण ओळख एकच आहे. सीमारेषांच्या तक्त्यातही `D07-1` व `D07-2` अशा दोन स्वतंत्र आकृत्या ठेवाव्या लागतात. आकडेवारीची प्रत्येक ओळ ती गोळा केली त्या तारखेवरून योग्य क्षेत्राशी जोडली जाते. येथे ती फलकावर चढविल्याची तारीख वापरणे चुकीचे ठरते, कारण जुन्या वर्षांची माहिती पुष्कळदा नंतर चढविली जाते.

नामांतराची तारीखही काळजीपूर्वक घ्यावी लागते. उस्मानाबाद व औरंगाबाद या शहरांची नवी नावे फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य झाली. त्याच नावांच्या जिल्ह्यांचे नामांतर सप्टेंबर २०२३ मध्ये झाले. मधल्या काही महिन्यांत शहर एका नावाचे व जिल्हा दुसऱ्या नावाचा अशी स्थिती होती. लोकसभेचे मतदारसंघ तर २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबाद, औरंगाबाद व अहमदनगर याच नावांनी ओळखले गेले. म्हणून शहर, तालुका, जिल्हा व मतदारसंघ यांच्या नावांचे तक्ते वेगळे ठेवतात. सर्व तक्त्यांत एका आदेशाने शब्द बदलून टाकण्याचा मार्ग सोपा दिसला, तरी त्यामुळे निवडणुकीची आकडेवारी तुटते.

जिल्ह्याचे विभाजन : क्षेत्रांतराचे परिणाम ठाणे जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,५५८ चौ. किमी. व लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. म्हणजे लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.स सु. १,१५७ होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके वेगळे काढून पालघर जिल्हा निर्माण करण्यात आला. २०११ च्याच आकड्यांवरून नव्या सीमांत हिशेब केला, तर ठाण्याची घनता सु. १,९१५ व पालघरची सु. ५६० येते. एकही माणूस जागचा न हलता ठाण्याच्या घनतेत ६५ टक्क्यांहून अधिक वाढ झाल्याचे दिसते. काळानुरूप आलेख काढणाऱ्या फलकावर २०१४ मध्ये अशी उडी दिसली, तर ती लोकांची नसून सीमेची असते.

अशा वेळी तुलना करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे नव्या आकड्यांची बेरीज करून जुने क्षेत्र पुन्हा तयार करणे. ठाणे व पालघर यांचे आजचे आकडे एकत्र केले की ते जुन्या ठाण्याशी ताडून पाहता येतात. हा मार्ग अचूक असतो, पण त्यात पालघरचे वेगळेपण नाहीसे होते. दुसरा मार्ग म्हणजे जुने आकडे नव्या सीमांत वाटून देणे. पालघरच्या बाबतीत तालुके अखंड राहिल्यामुळे २०११ च्या तालुकावार आकड्यांची बेरीज करून ही वाटणी बिनचूक करता येते. ती बेरीज २९,९०,११६ येते.

तालुकावार आकडे हाताशी नसले की क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करण्याचा मोह होतो. जुन्या ठाण्याचे सु. ५६ टक्के क्षेत्रफळ (५,३४४ चौ. किमी.) पालघरकडे गेले. त्या प्रमाणात लोकसंख्या वाटली, तर पालघरच्या वाट्याला सु. ६१·८ लाख लोक येतात. प्रत्यक्ष संख्या २९·९ लाख, म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या सु. २७ टक्के आहे. जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ प्रदेश व ठाणे-कल्याणची दाट वस्ती यांतील फरक क्षेत्रफळाला कळत नाही. पावसासारख्या, भूमीवर विखुरलेल्या गोष्टींसाठी ही वाटणी चालू शकते. माणसे, शाळा वा टँकर यांसाठी ती चालत नाही. तालुकाच फुटलेला असेल, तर गाव हे एकक घेऊन गावांच्या याद्यांवरून बेरीज करावी लागते.

महसूल मंडळांतील बदल : जिल्ह्यांच्या विभाजनाचा गाजावाजा होतो, तालुक्याच्या आतील मंडळांचे बदल मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. महाराष्ट्रात पावसाची नोंद महसूल मंडळवार केली जाते. अवर्षणाचा निर्णय व पीकविम्याचे हिशेबही अशा नोंदींवर अवलंबून असतात. सांगोल्यासारख्या तालुक्यात एका मंडळातील गावे काढून दुसरे मंडळ तयार झाले, तर त्या गावांचा पाऊस कोणत्या नोंदीवरून मोजायचा हे बदलते. फलकावर जुनीच आकृती राहिली, तर त्या गावांवर शेजारच्या मंडळाच्या पावसाची छटा दिसत राहते आणि गावकऱ्यांचा अनुभव व नकाशा यांत मेळ राहत नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. टँकरची संख्या, लोकसंख्या, बाधित क्षेत्र इ. राशींची बेरीज करता येते. पाऊस, घनता, टक्केवारी इ. राशींची करता येत नाही. उदा., १०० चौ. किमी.च्या मंडळात ३०० मिमी. व २०० चौ. किमी.च्या मंडळात ४५० मिमी. पाऊस झाला आहे अशी कल्पना करून दोन्ही मंडळे एकत्र केली, तर एकत्रित पाऊस ७५० मिमी. नव्हे आणि साध्या सरासरीने येणारा ३७५ मिमी.ही नव्हे. क्षेत्रफळाच्या भाराने तो ४०० मिमी. येतो. टक्केवारीच्या बाबतीत अंश व छेद यांची वेगवेगळी बेरीज करून नंतर भागाकार करतात. म्हणून मूळ तक्त्यात तयार टक्केवारीबरोबर तिचे अंश व छेदही साठवून ठेवणे आवश्यक असते; ते नसल्यास सीमा बदलल्यावर जुनी टक्केवारी निरुपयोगी होते.

नूतनीकरणाचा क्रम : बदलाचा अधिकृत आधार शासनाची अधिसूचना हा होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार महसुली क्षेत्रांच्या सीमा व नावे बदलण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. बदल कोणत्या तारखेपासून लागू होतो व कोणती गावे कोठे जातात हे अधिसूचनेतील परिशिष्टावरून कळते. वृत्तपत्रातील घोषणा किंवा मंत्रिमंडळाचा निर्णय यांवरून फलकातील नाव बदलल्यास फलक पुढे व येणारी आकडेवारी मागे अशी उलटी विसंगती निर्माण होते.

अधिसूचना हाती आल्यावर प्रथम चालू फलकाच्या दोन्ही तक्त्यांची प्रत काढून ठेवतात आणि प्रत्येक राशीची एकूण बेरीज लिहून ठेवतात. त्यानंतर नावांच्या तक्त्यात जुन्या ओळीची मुदत संपवून नवी ओळ घालतात. जुनी ओळ पुसत नाहीत. क्षेत्रांतर असेल, तर नवी आकृती शक्यतो गावांच्या आकृत्या एकत्र करून तयार करतात किंवा सीमारेषांचा संपूर्ण थर एकाच ठिकाणाहून घेतात. सोलापूरची सीमा एका स्रोतातून व सांगलीची दुसऱ्यातून घेतली, तर सांगोला व आटपाडी यांच्यामधील एकच रेषा दोनदा, किंचित वेगळी काढली जाते. मग मध्ये बारीक फटी पडतात किंवा पट्ट्या एकमेकींवर चढतात. अशा पट्टीतील एखादी वाडी दोन्ही जिल्ह्यांत मोजली जाते किंवा कोठेच मोजली जात नाही.

हा दोष क्षेत्रफळाच्या बेरजेवरून पकडता येतो. अकरा तालुक्यांच्या आकृत्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ही त्या सर्व एकत्र करून मिळणाऱ्या एका आकृतीच्या क्षेत्रफळाएवढी यावयास हवी. बेरीज जास्त आली, तर आकृत्या एकमेकींवर चढलेल्या असतात. याशिवाय ती सोलापूर जिल्ह्याच्या सु. १४,८९५ चौ. किमी. या नोंदलेल्या क्षेत्रफळाच्या जवळपास असावी; ती बरीच कमी असल्यास फटी राहिल्या आहेत किंवा एखादा भाग सुटला आहे असे समजावे. क्षेत्रफळ अंशांत दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून सरळ काढता येत नाही. त्यासाठी आकृती मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणावी लागते. सोलापूर जिल्ह्यासाठी `EPSG:32643` हे प्रक्षेपण योग्य ठरते. [⟶ नकाशा प्रक्षेपण].

शेवटी तीन मोजण्या पुन्हा करतात : आकृत्या, ओळी व जुळलेल्या जोड्या. या तिन्ही समान आल्या पाहिजेत. त्याचबरोबर बेरीज करता येणाऱ्या प्रत्येक राशीची आरंभी लिहून ठेवलेली एकूण बेरीज नव्या फलकाच्या बेरजेशी ताडून पाहतात. केवळ नावे किंवा अंतर्गत सीमा बदलल्या असतील, तर जिल्ह्याच्या एकूण टँकरांत एकाचाही फरक पडण्याचे कारण नाही. जोडणी सुधारल्यामुळे पूर्वी गळलेल्या ओळी आता मोजल्या जात असतील, तर फरक नेमका त्या ओळींएवढा असला पाहिजे. वापरणाऱ्यांनी जतन केलेल्या निवडी जुन्या नावावर बांधलेल्या असल्यास त्या रिकाम्या उघडतात, म्हणून त्याही संकेतांकावर नेतात. संगणकाने साठवून ठेवलेल्या जुन्या आकृत्या काढून टाकल्या नाहीत, तर काहींना जुना व काहींना नवा नकाशा दिसतो.

मर्यादा : वरील पद्धतीने ज्ञात बदल हाताळता येतात, अधिसूचनेत न आलेले बदल तीत पकडले जात नाहीत. नदीच्या पात्राबरोबर सरकलेली सीमा, नव्या मोजणीत दुरुस्त झालेली रेषा किंवा दोन गावांतील वादग्रस्त पट्टा यांबाबत नकाशा ही त्या त्या स्रोताची नोंद असते, अंतिम पुरावा नसतो. गावपातळीवरील जुनी आकडेवारी नसेल, तर वाटून दिलेला आकडा हा अंदाजच असतो, आणि फलकावर तो मोजलेल्या आकड्यापेक्षा वेगळ्या खुणेने दाखविणे आवश्यक ठरते. जनगणनेपूर्वी प्रशासकीय सीमा ठराविक काळ गोठविल्या जातात ते याच अडचणीमुळे. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही सीमा गोठविण्याची तारीख ठरविण्यात आली. त्या तारखेच्या सीमांवर आधारित नवे संकेतांक २०११ च्या संकेतांकांशी सर्वत्र जुळतील असे मानता येत नाही. त्यामुळे दोन्ही मालिकांमधील संबंध दर्शविणारा तक्ता आधी तयार करून मगच जुन्या व नव्या आकड्यांची तुलना फलकावर मांडणे इष्ट ठरते. [⟶ जनगणना].